तारीख मागण्याआधी कॅलेंडर उलटं वाचा

(परळ येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. सरकारी कार्यालयाला कागदपत्रं तपासून घ्यायची तारीख मागणारा अर्ज कसा लिहायचा, यावर कुणी भाषण करतं का? मी करणार आहे, कारण गेल्या काही वर्षांत लालबाग, परळ, गिरगाव या भागातली जी जोडपी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं म्हणून माझ्याकडे आली, त्यांतली बरीचशी अडकली ती घरच्या विरोधामुळे नाही. ती या एका पानाच्या अर्जावर अडकली. चुकीच्या कार्यालयाला, चुकीच्या कलमाखाली, चुकीच्या तारखा मागून बसली होती.

सुरुवात आपल्याच घरातून करू. हमीद दलवाई आणि मेहरुन्निसाभाभी यांचं लग्न १९५६ सालचं. आधी रीतसर निकाह झाला आणि साधारण महिन्याभरानं त्या दोघांनी विशेष विवाह कायद्याखालीही लग्न नोंदवलं. हा कायदा १९५४ चा, अमलात आला १ जानेवारी १९५५ ला. म्हणजे तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. आपल्याकडे ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाते, पण त्यांनी असं का केलं असेल, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर उत्तर आहे. या कायद्याखाली आलेल्या लग्नात दुसरी बायको करता येत नाही, तोंडी तलाक चालत नाही, आणि कलम २१ प्रमाणे वारसा भारतीय वारसा कायद्यानं ठरतो. तिथे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा.

केरळात कासरगोड जिल्ह्यात सी. शुक्कूर नावाचे वकील आहेत. त्यांचा आणि शीना शुक्कूर यांचा निकाह १९९४ चा. तीन मुली, मुलगा नाही. व्यक्तिगत कायद्याप्रमाणे मुलींना मिळून दोन तृतीयांश आणि उरलेल्यातला मोठा भाग भावांकडे जाणार, हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणून त्या दोघांनी ८ मार्च २०२३ ला, महिला दिनी, आपलं जुनंच लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलं. लालबागच्या एका खोलीचा किंवा चिपळूणच्या एका वाडीचा प्रश्न ज्यांच्या घरात पुढे येणार आहे, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवा.

आता मुद्द्यावर येते. पहिला घोळ होतो तो कार्यालयाचा.

'आमचं तर वॉर्डात रजिस्टर झालंय', हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! परळ-लालबागच्या लोकांसाठी महापालिकेचं एफ-दक्षिण विभाग कार्यालय आहे, गिरगावच्या बहुतेकांसाठी नाना चौकातलं डी विभागाचं. तिथे निकाहची नोंद होते, प्रमाणपत्रही मिळतं. ती नोंद महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. पासपोर्टला, व्हिसाला, बँकेत ती चालते. पण त्या नोंदीनं लग्नाचा कायदा बदलत नाही. निकाह झाला असेल तर तो निकाहच राहतो आणि वारसा होता तसाच राहतो. वॉर्डातला कागद हा लग्न झाल्याचा पुरावा आहे, तेवढंच. विशेष विवाह कायद्यासाठी आपल्याला जावं लागतं विवाह अधिकाऱ्याकडे, आणि तो जिल्ह्यानुसार असतो.

इथे मुंबईकरांची आणखी एक गंमत होते. आपल्या डोक्यात मुंबई एक आहे, सरकारच्या लेखी जिल्हे दोन. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, माहीम, सायन हे सगळं मुंबई शहर जिल्ह्यात. वांद्रे, कुर्ला इथून पुढे मुंबई उपनगर. शहर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याचं कार्यालय फोर्टात, जुन्या जकात घरात आहे. दादरच्या पोराला वांद्रे जवळ वाटतं, तो तिकडे अर्ज देऊन येतो आणि पंधरा दिवसांनी कळतं की आपला जिल्हाच वेगळा. कायदा म्हणतो, दोघांपैकी किमान एक जण नोटीस देण्याच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. दोघंही राहत असायची गरज नाही. मुलगी लालबागची आणि मुलगा कुर्ल्यात भाड्यानं राहणारा असेल, तर मुलीच्या पत्त्यावर शहर जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि मुलाच्या पत्त्यावर उपनगरातही. एक निवडा. मग अर्जात जो पत्ता लिहाल, त्याचाच पुरावा सोबत न्या.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. तो कलमाचा.

या कायद्याला दोन दारं आहेत असं समजा. एक दार लग्न व्हायच्या आधीचं: कलम ५ प्रमाणे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करायचं. दुसरं दार झालेल्या लग्नाचं: निकाह झालाय, दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहतात, आणि आता कलम १५ प्रमाणे ते लग्न या कायद्याखाली नोंदवायचंय. शुक्कूर दांपत्य गेलं ते या दुसऱ्या दारानं.

आपली मुलं काय करतात? अम्मीचं मन राखायला निकाह करून घेतात, आणि नंतर पहिल्या दारानं जातात. नोटिशीच्या नमुन्यात 'वैवाहिक स्थिती' असा रकाना असतो. तिथे लिहितात 'अविवाहित'. आता निकाह झालेला माणूस अविवाहित कसा? त्याच माणसाशी लग्न करतोय म्हणून काय झालं, सही करून खोटं लिहिल्यासारखंच ते आहे, आणि खोट्या निवेदनाला या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. म्हणून मी सांगते, क्रम ठरवून टाका. आधी अधिकाऱ्यासमोर लग्न आणि मग दोन दिवसांनी घरी निकाह, यात काही अडचण नाही. उलट क्रम झाला असेल, तर सरळ कलम १५ चा अर्ज करा.

पण दुसऱ्या दाराच्या दोन अटी नीट ऐका, कारण आपल्या समाजात त्या हमखास आडव्या येतात. पहिली वयाची. कलम ४ प्रमाणे नवं लग्न करताना मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा पुरतो. कलम १५ प्रमाणे जुनं लग्न नोंदवताना मात्र नोंदणीच्या दिवशी दोघांचीही २१ पूर्ण झालेली हवीत. वीस वर्षांच्या मुलीचा निकाह झाला आणि लगेच नोंदवायला गेले, तर वर्षभर थांबावं लागतं. हीच मुलगी निकाहआधी आली असती तर काम झालं असतं.

दुसरी अट नात्याची. चुलत, मामे, आते, मावस भावंडांची लग्नं आपल्याकडे होतात. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ही चारही नाती निषिद्ध आहेत. कायद्यात रूढीची सवलत आहे, पण नव्या लग्नासाठी ती मिळायला त्या रूढीची राज्य सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढलेली असावी लागते, आणि कलम १५ च्या नोंदणीत ही सवलत फक्त कायदा येण्यापूर्वीच्या, म्हणजे १९५५ आधीच्या लग्नांना आहे. तुमच्या अब्बा-अम्मीचं लग्न आतेभाऊ-मामेबहिणीचं असेल आणि त्यांना मुलींसाठी शुक्कूर यांच्यासारखं करायचं असेल, तर हे दार त्यांच्यासाठी बंद आहे. वाईट वाटतं सांगताना. पण तारीख मागून, रजा टाकून, फोर्टात रांगेत उभं राहून हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

(श्रोत्यांतून एका मुलीनं विचारलं, 'आपा, आणि आधीचा तलाक झाला असेल तर?')

चांगलं विचारलंस. नोटिशीत 'घटस्फोटित' लिहिलं की त्याचा कागद मागतात. न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर प्रश्नच नाही. दारुल कझातून आणलेला खुल्याचा कागद असेल तर अडचण येते. दारुल कझाच्या निर्णयाला किंवा फतव्याला कायद्याचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. अशा वेळी आधी कौटुंबिक न्यायालयातून वैवाहिक स्थिती जाहीर करून घेणं सुरक्षित. वेळ जातो, पण तोवर तारीख मागू नकोस.

आता अर्जाकडे येऊ. त्यातला ओळखीचा भाग आधी, कारण आपली नावं!

कोकणातल्या मुसलमान घरातलं उदाहरण घ्या. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव गायब. पॅनवर आडनाव इंग्रजीत एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर दुसऱ्या. वडिलांचं नाव एकीकडे इब्राहिम, दुसरीकडे इब्राहीम, तिसरीकडे पुढे 'शेख' लागलेलं. माणूस एकच आहे हे आपल्याला माहीत आहे, पण टेबलापलीकडच्या कारकुनाला ते माहीत असायचं कारण नाही. त्याला दुष्ट समजू नका. उद्या तो प्रमाणपत्रावर जे नाव टाकेल, तेच तुमच्या मुलांच्या जन्मदाखल्यापर्यंत जाणार आहे.

म्हणून वयाचा जो पुरावा देणार आहात, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर जसं नाव आहे तसंच अर्जात लिहा. इतर कागदांवर ते कसं वेगळं आहे, हे अर्जातच एका वाक्यात सांगून टाका. लपवू नका. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर 'ही एकच व्यक्ती आहे' अशा प्रतिज्ञापत्रावर सहसा भागतं. आडनावच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा लागतो. त्या राजपत्राचा शासकीय मुद्रणालयवाला विभाग आपल्या गिरगावातच, चर्नी रोड स्टेशनजवळ आहे, आणि अर्ज आता ऑनलाइनही होतो. त्याला लागणारे आठवडे हिशेबात धरा.

आणि आधारचा पूर्ण क्रमांक अर्जात लिहू नका. हा कागद आवक टेबलावरून चार हातांत फिरतो. शेवटचे चार आकडे पुरे. मूळ कार्ड तर तुम्ही दाखवणारच आहात.

आता तारखा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते मी स्वतः करून घेतलेलं आहे. माझ्या लग्नाच्या वेळी आम्ही हौसेनं फार लवकर नोटीस दिली. 'एक काम उरकलं' म्हणून पेढे खाल्ले. मग हॉल मिळेना, नणंदेची परीक्षा निघाली, लग्न पुढे गेलं आणि नोटीस बारा दिवसांनी मेली. पुन्हा पहिल्यापासून. चूक सर्वस्वी आमची होती.

हे कसं होतं ते बघा. कायद्यात दोन घड्याळं एकाच वेळी चालू होतात. कलम ७ प्रमाणे नोटीस कार्यालयात फलकावर लागली की त्या दिवसापासून ३० दिवस हरकतीसाठी. तोवर लग्न लागत नाही. आणि कलम १४ प्रमाणे नोटीस दिल्याच्या दिवसापासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती नोटीस रद्द, नवी द्यायची. म्हणजे पहिलं घड्याळ नोटीस लागल्यापासून, दुसरं नोटीस दिल्यापासून. या दोन तारखांत काही दिवसांचं अंतर पडू शकतं, आणि ते अंतर तुमच्या विरुद्ध जातं.

एक उदाहरण धरू. मुलगी लालबागची, जन्मापासून तिथेच. मुलगा चिपळूणचा, आधारवर चिपळूणचाच पत्ता, नोकरीसाठी मुंबईत. दोघांनी ठरवलं, २५ मार्चला विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न आणि २७ मार्चला घरी निकाह. डिसेंबर उजाडलाय. दोघं उत्साहानं अर्ज लिहितात: आम्हाला कागदपत्र तपासणीसाठी २२, २३ किंवा २९ डिसेंबर यांपैकी एक तारीख द्यावी.

अर्ज नीटनेटका आहे. कार्यालयानं २२ डिसेंबर दिली. कागद बरोबर निघाले आणि त्याच दिवशी नोटीसही घेतली. सगळे खूश. पण तीन महिने मोजा: २२ मार्च. लग्न २५ मार्चला. नोटीस तीन दिवस आधी संपली! इतकं सुरळीत काम झाल्यामुळेच लग्न बुडालं.

आता उलटं मोजू, लग्नाच्या तारखेकडून मागे. २५ मार्चच्या आधी तीन महिने म्हणजे २५ डिसेंबर. नोटीस त्यानंतरच द्यायची, आणि चार-आठ दिवस हाताशी राहावेत म्हणून जानेवारी लागल्यावर. ही झाली लवकरातली लवकर तारीख. उशिरातली उशिरा कोणती? मुलगा चिपळूणचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा. कलम ६ प्रमाणे दोघांपैकी एकाचा कायमचा मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याच्या कार्यालयातही लागते. तिकडून उत्तर येईपर्यंत इथले अधिकारी सहसा पुढे जात नाहीत. समजा ५ जानेवारीला नोटीस दिली आणि मुंबईत ७ तारखेला लागली. मुंबईचे ३० दिवस ६ फेब्रुवारीला भरतात. रत्नागिरीत प्रत पोहोचून लागायला १९ जानेवारी उजाडली, तर तिथले ३० दिवस १८ फेब्रुवारीला. मग तिकडचं पत्र यायला आणखी आठवडा. म्हणजे खऱ्या अर्थानं लग्न लावता येतं ते फेब्रुवारीच्या शेवटापासून ५ एप्रिलच्या आतबाहेर. २५ मार्च त्यात आरामात बसतो.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला नोटीस दिली असती तर? मुंबईचेच ३० दिवस जवळजवळ २५ मार्चला जाऊन भिडतात, रत्नागिरीचे तर पार पुढे. तेव्हा या जोडप्यानं तपासणीसाठी तारखा मागायच्या त्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या. तीन तारखा द्या, त्या एकाच आठवड्यातल्या नकोत. एका तारखेला सुट्टी लागली किंवा अधिकारी निवडणुकीच्या कामाला गेले, तर दुसरी उरते. आणि २५ मार्च ही इच्छित विवाह तारीख अर्जातच लिहा, म्हणजे कारकुनालाही हिशेब दिसतो.

असा अर्ज मी वाचून दाखवते. उतरवून घ्यायचा असेल तर घ्या.

'प्रति, मा. विवाह अधिकारी, मुंबई शहर जिल्हा. विषय: विशेष विवाह अधिनियम, १९५४, कलम ५ खालील नोटिशीपूर्वी मूळ कागदपत्रांच्या तपासणीसाठी तारीख मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे दोघे आपल्यासमोर विवाह करू इच्छितो. आमचा परस्परांशी किंवा अन्य कोणाशी विवाह झालेला नाही. वधू लालबाग येथील पत्त्यावर जन्मापासून राहते, वराचा कायमचा पत्ता चिपळूण, जिल्हा रत्नागिरी येथील आहे. दोघांची पूर्ण नावे, जन्मतारखा, पत्ते, मोबाइल क्रमांक आणि आधारचे शेवटचे चार अंक सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. वराच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आहे, आधारवर नाही. याबाबत प्रतिज्ञापत्र जोडले आहे. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे यांच्या प्रती जोडल्या आहेत. तपासणीसाठी ५, ८ किंवा १३ जानेवारी यांपैकी एक तारीख व वेळ द्यावी, ही विनंती. दिनांक २५ मार्च रोजी विवाह करण्याचा आमचा विचार असून, नोटीस तपासणीच्या दिवशीच स्वीकारावी. आपले विश्वासू', आणि दोघांच्या सह्या.

बस, एवढंच. प्रेमकहाणी नको, घरच्यांनी कसा छळ केला ते नको. अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावरही विवाह नोटिशीची सोय आहे. तिथे माहिती भरली असेल तर मिळालेला क्रमांक अर्जात टाका. ऑनलाइन भरलं म्हणजे नोटीस दिली गेली असं गृहीत धरू नका. तुमची नोटीस कोणत्या तारखेची धरली, हे कार्यालयाला विचारून पोचवर लिहून घ्या. तीन महिने तिथून मोजायचे आहेत. आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोन नव्हे, तीन. निकाहच्या दोन साक्षीदारांची सवय असल्यामुळे आपले लोक तिसऱ्याला ऐनवेळी रस्त्यावरून बोलावतात, त्याच्याकडे ओळखपत्र नसतं.

(एका मुलानं विचारलं, 'नोटीस फलकावर लागते म्हणजे कुणीही वाचणार. चिपळूणला तर सगळा गाव ओळखतो.')

हो, वाचणार. मी खोटा दिलासा देणार नाही. तुझं नाव, पत्ता, होणाऱ्या बायकोचं नाव तिथे लागतं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये सफिया सुलताना प्रकरणात म्हटलं, की जोडप्यानं लेखी विनंती केली तरच नोटीस जाहीर करावी. पण तो निर्णय उत्तर प्रदेशातला. आपल्याकडे नोटीस लागते असं धरूनच चाला.

मात्र हरकत म्हणजे काय, हे समजून घे. 'पोरगं आमच्या जमातीबाहेरचं आहे', 'आम्हाला विचारलं नाही', 'बिरादरीची इज्जत गेली', या हरकती नव्हेत. हरकत कलम ४ च्या अटींवरच घेता येते: आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, निषिद्ध नातं आहे, संमती देण्याची मानसिक क्षमता नाही. हरकत घेणाऱ्याला ती नोंदवून सही करावी लागते, आणि अधिकाऱ्याला ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. हरकत उगाच घेतली असं दिसलं, तर एक हजार रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. आजच्या दिवसांत हजार रुपये म्हणजे काहीच नाही, हे मलाही कळतं.

तुझ्या चिपळूणच्या प्रश्नावर एक व्यवहारातली गोष्ट. गावात प्रत लागू नये म्हणून काही जण मुंबईतला खोटा कायमचा पत्ता लिहितात. तसं करू नकोस. हरकत घेणाऱ्याच्या हातात तूच कोलीत देतोस. पण तू गेली पाच वर्षं खरोखर मुंबईतच राहत असशील, भाडेकरार असेल, मतदार यादीत नाव इथे असेल, तर आधीच आधारवरचा पत्ता बदलून घे आणि खरा कायमचा मुक्काम मुंबई लिही. त्यात खोटं काही नाही. तो बदल आज केलास तर पुढच्या महिन्यात अर्ज लिहिताना हातात असेल.

आणि अम्मीला नोटीस लागायच्या आधी स्वतः सांग. रत्नागिरीच्या कार्यालयातून कुणी चाचा फोटो काढून पाठवेल आणि तिला तुझं लग्न मोबाइलवर कळेल, ते तिला फार लागेल.

आता ज्यांनी कागद आणलेत त्यांनी मागच्या टेबलाशी या. शाळेचा दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून बघू. कॅलेंडर मी आणलंय.